खुंट्याचं भोक

मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, पुण्यात. जेवणं झाली, पानं वाटली गेली आणि आम्ही सातआठ जणी हॉलमध्ये पसरलो. मधोमध टीपॉय होता. टीपॉय म्हणजे जातं. खरंखुरं काळ्या दगडाचं, घासूनपुसून तेल लावलेलं, चार लाकडी पायांवर बसवलेलं आणि वर गोल काच. काचेतून वरचा दगड स्वच्छ दिसत होता. मधलं तोंड, त्यात पितळेची छोटी वाटी आणि वाटीत सुगंधी मेणबत्ती. कडेला आणखी एक भोक होतं, बोटभर खोल. तिथं काहीच नव्हतं. एका मुलीनं, बहुधा मैत्रिणीच्या भाचीनं, काचेवर बोट टेकवून विचारलं, "हे भोक कशाला?" कुणीतरी म्हणालं, कॅरी करायला असेल. दुसरी म्हणाली, डिझाइन आहे. मी म्हणाले, "खुंट्याचं आहे ते. खुंटा धरून फिरवायचं." भाची "ओके" म्हणाली आणि मोबाईलकडे वळली. विषय संपला.

माझा संपला नाही. बसमध्ये बसल्यावर, घरी येऊन साडी बदलताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसात, ते रिकामं भोक डोळ्यासमोरून हलेना. वाईट वाटत होतं असंही नाही. जात्यावर दळायला लागत नाही याचं मला फार सुख आहे आणि ज्यांना त्या काळाचे उमाळे येतात त्यांनी एकदा दोन शेर ज्वारी दळून बघावी असं माझं मत आहे. खटकत होतं ते दुसरंच. खुंटा नसलेलं जातं म्हणजे एक अक्षर पुसलेलं वाक्य, असं काहीतरी डोक्यात येत होतं, आणि ते अक्षर कुठलं हे मला माहीत होतं.

आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, ज्वारीचं रान, आणि दक्षिणेला गेलं की विजापूर. आजीच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात जातं होतं. मी पाहिलं तेव्हा गावात गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण वीज असली तर गिरणी, म्हणून जातं अजून चालू होतं. भरड, डाळ, कधी निम्मं पीठसुद्धा. आजीच्या समोर बसायला शेजारची बूबू यायची. मुलाण्याच्या घरातली म्हातारी, सगळं गाव तिला बूबूच म्हणायचं. तिच्या घरचं जातं झिजून टाकीला आलं होतं आणि छिन्नीनं टाकी लावणारा वर्षवर्ष फिरकत नव्हता, म्हणून ती आपलं दळण घेऊन आमच्याकडे यायची. एकीचं दळण झालं की दुसरीचं. दोघी समोरासमोर, एकेक पाय लांब, खुंट्यावर चार हात एकावर एक. आजी ओढायची तेव्हा बूबू सोडायची. दाण्यांची वैरण घालायची पाळी आजीची. मूठ जात्याच्या तोंडात रिकामी व्हायची आणि दगडाचा आवाज घोगरा व्हायचा, मग हळूहळू पातळ. पातळ झाला की पुन्हा मूठ.

आजी ओव्या म्हणायची. पहिली ओवी देवाला, दुसरी ओवी कुणाला, असं मोजत, मग भाऊ, माहेर, लेकी. बूबू गुणगुणायची. शब्द दखनी आणि तेही दातांतून निसटलेले, मला कळायचे नाहीत. कळायचा तो शेवट. प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला ती "हू" करायची. मला वाटायचं ती दमली. एकदा मी पाणी घेऊन गेले तर हसली. "क्या देखती गे, मैं थकी नै." आणि पुन्हा हू.

ते दमणं नव्हतं हे मला पंचविसाव्या वर्षानंतर कळलं, आणि तेही एका अमेरिकन इतिहासकारामुळे. यात थोडी लाज आहे, ती इथेच कबूल करून टाकते.

रिचर्ड ईटन यांनी सत्तरच्या दशकात विजापूरच्या सूफींवर काम केलं. दख्खनच्या गावागावांत इस्लाम नेमका पोचला कसा, हा त्यांचा प्रश्न. तलवारीनं म्हणावं तर जिथं सुलतानांची सत्ता सर्वांत घट्ट होती तिथं लोकसंख्या त्या प्रमाणात बदललेली नाही. सूफींच्या प्रवचनांनी म्हणावं तर त्यांचे मोठे ग्रंथ फारसीत, कधी अरबीत, आणि विषय असा गहन की शेतकऱ्याचं सोडा, कारकुनालाही झेपू नये. मग हस्तलिखितांत त्यांना एक दुर्लक्षित ढीग सापडला. बायकांची कामाची गाणी. चक्कीनामा, चरखानामा, लग्नातले शादीनामे, पाळण्याचे लोरीनामे. भाषा दखनी, लिपी फारसी, रचणारे बहुतेक चिश्ती या सूफी परंपरेतले, सतराव्या-अठराव्या शतकांतले. उर्दू वाङ्मयाच्या अभ्यासकांनी यांना कविता म्हणून फारशी किंमत दिली नव्हती, कारण कविता म्हणून ती खरंच बेताची आहेत. पण ती कविता म्हणून रचलेलीच नव्हती.

एका चक्कीनाम्याचा आशय असा. चक्कीचा खुंटा अलिफसारखा दिसतो, आणि अलिफ म्हणजे अल्ला. मधली खीळ म्हणजे महंमद, ती तिथं पक्की बसलेली. दाणे आपण टाकतो, आपले हात साक्षीला. देहाची चक्की शरीयतीनं चालली तर नीट चालते. पीठ झालं की चाळायचं, त्याच्या सारण भरलेल्या पुऱ्या करायच्या, आणि पुरीत जसे सात जिन्नस तसे देवाचे सात गुण अंगात भरून घ्यायचे, ग बहिणी. आणि प्रत्येक कडव्याला पालुपद : या बिस्मिल्ला, हू हू अल्ला.

हू हू अल्ला. वाचलं तेव्हा मी लायब्ररीत होते. पुस्तक मिटून खाली कॅन्टीनला जाऊन बसले.

अलिफ म्हणजे अरबी लिपीतलं पहिलं अक्षर. एक सरळ उभी रेघ, बस. अक्षरओळख नसलेल्या बाईला जगातलं कुठलंही एक अक्षर शिकवायचं असेल तर याहून सोपं सापडणार नाही, आणि रोज पहाटे ती ते अक्षर दोन हातांनी घट्ट धरून बसलेलीच असते. पाटी नको, मौलवी नको. शिकवणाऱ्यानं घरात यायलाही नको, जे एरवी शक्यही नव्हतं. गाणं आत गेलं की पुरे. तिच्याकडून लेकीकडे, सुनेकडे, मांडीवरच्या पोराकडे ते आपोआप जातं, कारण दळण रोज आहे आणि पोर तिथंच झोपलेलं आहे. मीही तशीच झोपलेली असायची, म्हणून सांगते.

पण हे गाणं रचणारा कोण, आणि त्याला हा अधिकार दिला कुणी? इथं सूफींचं जाळं दिसायला लागतं. तरीका, सिलसिला हे शब्द आपण कव्वालीत ऐकतो आणि सोडून देतो. सिलसिला म्हणजे साखळी, आणि ही साखळी कागदावर असते. मुरीद पिराच्या हातात हात देऊन बैअत करतो, म्हणजे शिष्यत्व पत्करतो. बाई असेल तर पडद्याआडून रुमालाचं एक टोक ती धरते, दुसरं पीर. मग मिळतो शजरा : या पिराचा पीर कोण, त्याचा कोण, असं थेट पैगंबरांपर्यंत नेलेल्या नावांची यादी. पुष्कळ मुरीद एवढ्यावरच असतात, संसार करतात, वर्षातून एकदा येतात. मोजक्यांना खिलाफतनामा मिळतो. म्हणजे लेखी परवानगी, की आता तूही मुरीद करू शकतोस, जा. कुठं जायचं तेही पुष्कळदा पीरच सांगतो. आजच्या भाषेत पहिला कागद प्रवेशाचा आणि दुसरा शिकवण्याच्या परवान्याचा. मधे कुठलं विद्यापीठ नाही, इमारत नाही, परीक्षा मंडळ नाही. माणूस मेला तरी परवाना चालू राहतो, कारण तो पुढच्याला देऊन झालेला असतो.

आपल्या भागापुरती ती साखळी मोजून बघण्यासारखी आहे. दिल्लीत निजामुद्दीन औलिया 1325 साली वारले. दोनच वर्षांनी महंमद तुघलकानं दौलताबादला राजधानी हलवायला घेतली आणि दिल्लीतले सैनिक, कारकून, विद्वान, त्यांची बायकापोरं दख्खनची वाट चालायला लागली. आपण शाळेत याला तुघलकी कारभार म्हणून हसतो. त्या लोंढ्यातच निजामुद्दीनांचे शिष्य होते. बुऱ्हाणुद्दीन गरीब दौलताबादेत राहिले आणि 1337 साली गेले. डोंगरावर, आज जिथं खुलताबाद आहे तिथं, त्यांना पुरलं. त्यांची बैठक कशी चाले हे आपल्याला ठाऊक आहे, कारण एक शिष्य दर बैठकीनंतर घरी जाऊन जे ऐकलं ते लिहून काढायचा. तारीख घालून. ही रीत दिल्लीतली. तिथं अमीर हसन यांनी निजामुद्दीनांचं बोलणं असंच टिपून त्यांना दाखवलं होतं, आणि पिरानं गाळलेलं भरून दिलं होतं. ते अमीर हसनही पुढे दौलताबादेत आले आणि खुलताबादलाच पुरले गेले. थोडक्यात, वर्गातल्या वह्या शिक्षकानं तपासायच्या आणि मग त्या वह्यांवरून पुढच्या गावात पुढचा वर्ग.

या वह्यांत एक गंमत आहे. खुलताबादच्या बैठकींमधल्या नोंदींत आसपासच्या हिंदूंना मुसलमान करण्याचा विषय जवळपास येतच नाही. विषय आहेत ते नमाज, उपास, समा म्हणजे भक्तीचं गाणं ऐकताना कसं बसावं, पिराशी कसं वागावं, राग कसा गिळावा. शिकणारे मुळातच मुसलमान, दिल्लीहून उखडलेले, परक्या मुलखात टेकायला जागा शोधणारे. म्हणजे सूफींचा मठ, खानकाह, ही आधी घर सुटलेल्यांची शाळा होती. आज 'सूफींनी धर्म पसरवला' असं कुणी अभिमानानं म्हणतं, कुणी दात ओठ खाऊन म्हणतं. त्या डोंगरावर बसलेल्या माणसांना दोन्ही ऐकून नवल वाटलं असतं.

साखळी पुढे सरकते ती दुसऱ्या फांदीनं. निजामुद्दीनांचे दिल्लीतले वारस नसिरुद्दीन, त्यांचे शिष्य गेसूदराज. यांचं लहानपण दौलताबादेत गेलं, वडील खुलताबादलाच पुरलेले. पुढे ते दिल्लीला परतले, तिथं म्हातारे झाले, आणि 1398 साली तैमूर आला तेव्हा ऐंशीच्या घरात असताना पुन्हा दक्षिणेला निघाले. गुलबर्ग्याला स्थिरावले, 1422 साली शंभरी ओलांडून गेले. त्यांच्यापासून जमालुद्दीन मगरिबी, त्यांच्यापासून कमालुद्दीन बियाबानी, त्यांच्यापासून शाह मीरांजी. मीरांजींनी विजापूरच्या तटाबाहेर शाहपूरच्या टेकडीवर बस्तान बांधलं आणि एक गोष्ट केली जी मला सगळ्यात धाडसाची वाटते. त्यांनी लोकांच्या बोलीत लिहायला घेतलं आणि त्याचं कारणही लिहून ठेवलं : ज्यांना अरबी येत नाही, फारसी येत नाही, त्यांच्यासाठी हे, भाषेच्या वरच्या कपड्याकडे बघू नका, आतला अर्थ बघा. त्यांच्या एका रचनेत तर प्रश्न विचारणारी एक मुलगी आहे, खुश नावाची, आणि उत्तरं देणारे मीरांजी. मराठी वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नकोच. संस्कृत सोडून प्राकृतात का लिहितो याची कैफियत आपल्याकडे त्याच्याही दोनशे वर्षं आधी देऊन झालेली होती. माणसं एकमेकांची नक्कल करत नव्हती. एकाच अडचणीसमोर उभी होती.

मीरांजींचा मुलगा बुऱ्हाणुद्दीन जानम, त्यांचा मुलगा अमीनुद्दीन, 1675 साली वारलेले. नीट पाहिलं तर इथं साखळीची जात बदललेली दिसते. दिल्लीपासून विजापूरपर्यंत गुरूकडून शिष्याकडे, आणि टेकडीवर आल्यावर बापाकडून लेकाकडे. मग दर्गा, मग दर्ग्याला इनाम जमीन, मग जमिनीचे वारस. पीरजादे. शिकवायला कुणी नसलं तरी चालतं, कबर आहे. सरकारदरबारातून काही घ्यायचं नाही, हा जुन्या चिश्तींचा बाणा कुठल्या कुठं गेला. मी स्वतः त्या टेकडीवर गेले तेव्हा उन्हात पांढरा घुमट डोळ्यांवर येत होता आणि पायरीवर बायका बसल्या होत्या. कुणी मलिदा आणलेला, कुणाच्या मांडीवर तापलेलं पोर. मुजावर मोरपिसांचा कुंचा प्रत्येकीच्या डोक्यावर टेकवत होता, चेहरा आमच्या गुरवासारखाच कंटाळलेला. लोबानाचा धूर, तेलकट दोरे, नारळ. त्या बायकांपैकी निम्म्यांच्या कपाळावर कुंकू होतं. खुश नावाच्या मुलीचे प्रश्न तिथं कुणी विचारत नव्हतं. मला तेव्हा चिडल्यासारखं झालं होतं. आता तितकं होत नाही. शाळा बंद पडली तरी शाळेची घंटा वाजवायला माणसं येत राहिली, तर त्यात त्यांचा काय दोष.

आणि गंमत अशी की चक्कीनामे याच काळातले. म्हणजे वर गादीची भांडणं आणि इनामाच्या सनदा सुरू असताना खाली दुय्यम-तिय्यम दर्जाचे, नावंही फारशी न राहिलेले शिष्य बायकांसाठी गाणी बांधत होते. त्यांत तत्त्वज्ञान किती हुशारीनं उतरवलंय ते चरखानाम्यात बघावं. कापूस हातात घेताना जिक्र मोठ्यानं करायचा, तो जली. पिंजताना मनातल्या मनात, तो कल्बी. सूत गुंडाळताना नजर लावून, तो ऐनी. जिक्र म्हणजे देवाचं नाव पुन्हापुन्हा घेणं, आणि खानकाहमध्ये मुरीदाला हाच क्रम वर्षानुवर्षं बसून शिकावा लागतो : आधी ओठ, मग काळीज, मग दृष्टी. इथं तो कामाच्या तीन पायऱ्यांना टाचून टाकलाय. पायरी चुकली तर सूतच चुकेल, म्हणून विसरायची सोय नाही. पुढे म्हटलंय, नाव पोटातून उचलायचं, छातीतून आणायचं, गळ्यातून सुतासारखं ओवायचं. आणि श्वासाचे धागे एकेक मोजायचे, चोवीस हजारांपर्यंत, दिवसरात्र, आणि ते पिराला भेट द्यायचे, ग बहिणी.

चोवीस हजार. मी कागदावर भागाकार केला. दिवसाची 1440 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण सतरा श्वास. आपल्याकडे नाथपंथी अजपाजप 21,600 धरतात, मिनिटाला पंधरा. आकडे वेगळे, पण श्वास मोजून त्याचं नाम करायचं ही कल्पना तीच, आणि ती दख्खनच्या हवेत आधीपासून होती. विजापूरच्या सूफींनी ती उचलली यात मला शंका वाटत नाही. जानम आणि अमीन यांच्या लिखाणात योग्यांची पंचमहाभूतं उघडउघड वावरतात. शिकवणाऱ्याला आधी शिकावं लागतं, त्यातलाच प्रकार.

जात्यावर बसून बघितलं की पालुपद का टिकलं ते कळतं. खुंटा पुढे ढकलताना छाती मोकळी होते आणि ओढून घेताना पोट आत जातं. ओढ संपते तिथं श्वास बाहेर पडतोच, मग तो 'हू' होऊन पडला काय आणि 'विठ्ठल' होऊन पडला काय. हू म्हणजे तो. नाव नाही, नुसतं सर्वनाम. आजीच्या ओवीतही शेवटी ग बाई, ग माय असा एक लांबलेला सूर असायचा. एकाच खुंट्यावर चार हात आणि दोन पालुपदं, आणि जात्याला फरक पडत नव्हता.

या सगळ्यात एक फट आहे आणि ती मला बुजवता येत नाही. ही गाणी आपल्याला मिळतात ती पुरुषांनी रचलेली, पुरुषांनी उतरवलेली, फारसी लिपीत. 'ग बहिणी' म्हणणारा आवाज बहिणीचा नाही. दळणारीनं त्यात काय घातलं, काय वगळलं, कुठल्या कडव्याला हसून नवऱ्याचं नाव घुसवलं, याचा कागद नाही. ईटन यांचा तर्क असा की घराघरांत दर्ग्याच्या ओढीनं आणि या गाण्यांनी जे शिरलं ते धर्मांतर म्हणून शिरलंच नाही. बाई पिराकडे नवस बोलायला गेली. गाणं घरी आलं. दोन पिढ्यांनी पोराचं नाव हुसेन ठेवलं, जुनी देवं देव्हाऱ्यात तशीच. आणखी काही पिढ्यांनी माणसं जाळायची ती पुरायला लागली. कुठल्या दिवशी ते घर मुसलमान झालं असं विचारलं तर तारीख सापडणार नाही. मला हे पटतं, कारण बूबूचं घर मी पाहिलंय. पण हेही खरं की पुष्कळ जमाती आपला पूर्वज अमक्या पिराच्या हातावर एका दिवसात मुसलमान झाला असंच सांगतात. माणसाला आपली सुरुवात एका दिवशी झालेली आवडते.

आणि दरवेळी शेवट धर्म बदलण्यात होत होता असंही नाही. चांद बोधले कादरी या सूफी परंपरेतले मानले जातात; परंपरा सांगते की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी त्यांचे शिष्य, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमदही त्यांचेच. एकाच गुरूची एक ओळ पैठणला गेली, एक श्रीगोंद्याला. शेख महंमदांनी 1645 साली 'योगसंग्राम' पुरा केला तो मराठीत, ओवीत. इस्लामचं जाळं त्यांच्यापर्यंत आलं आणि त्यांनी त्यात विठ्ठल बांधला. जाळ्याला कोणता मासा लागेल हे जाळं टाकणाऱ्याच्या हातात नसतं.

किनाऱ्यावरचा कारभार मात्र वेगळा, अगदी हिशेबी. चौदाव्या शतकात इब्न बतूता आपल्या किनाऱ्यानं खाली गेला. इराणातल्या काझरून गावच्या शेख अबू इसहाक यांच्या नावानं चालणाऱ्या मठांची त्यानं सांगितलेली रीत मला फार आवडते. ते शेख त्याच्याही तीनशे वर्षं आधी वारलेले. समुद्रात वारा फिरला, चाचे दिसले की प्रवासी त्यांना नवस बोलायचे, आणि प्रत्येक जण आपला आकडा लिहून द्यायचा. जहाज सुखरूप बंदराला लागलं की मठाची माणसं वर चढायची, यादी मागायची आणि वसूल करायची. कुणी फकीर मदत मागायला आला तर मठ त्याला शिक्का मारलेली चिठ्ठी द्यायचा, की ज्याचा कुणाचा नवस बाकी असेल त्यानं याला इतके द्यावेत. फकीर नवसवाला गाठून पैसे घ्यायचा आणि पावती पाठीमागे लिहून द्यायचा. कालिकतला त्यांचा शेख होता, कोल्लमला त्याचाच मुलगा होता, चीनमध्ये झैतून बंदरात आणखी एक. व्यापाऱ्याला याचा अर्थ सरळ होता : परक्या बंदरात उतरल्यावर झोपायला जागा, आपली भाषा बोलणारा माणूस, आजारी पडलो तर बघणारं कुणी, मेलो तर माती देणारं कुणी. विमा, हुंडी आणि धर्मशाळा एकाच दाराआड. पोरांना कुराण शिकवायची सोयही तिथंच आसपास. गोव्याच्या खाली होन्नावरला इब्न बतूतानं मुलींच्या तेरा शाळा मोजल्यात, मुलांच्या तेवीस. तेरा ही संख्या वाचून मी दोनदा पान बघितलं.

आपल्या कोकणी मुसलमानांचं घर याच वाऱ्यावर बांधलेलं. माहीमचे मखदूम अली, 1431 साली गेलेले, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे. त्यांच्या उरुसाला आजही मुंबई पोलीस वाजतगाजत चादर नेतात. किनाऱ्यावर अरबी, घाटावर दखनी. तिथं नवसाची यादी आणि पावती, इथं खुंटा आणि पालुपद. समुद्रावरच्या माणसाला रात्रभर काय होईल याची धास्ती असते. जात्यावरच्या बाईला रोज तेच होणार आहे याची. शिकवणाऱ्यांनी दोघांची नस बरोबर ओळखली होती. बंदरातला माणूस आधी कागदानं बांधला जातो, गावातला लयीनं.

बूबू मी सातवीत असताना गेली. तिच्या मयतीला आजी दारापर्यंत गेली, कबरस्तानात बायका जात नाहीत म्हणून तिथूनच परतली, आणि घरी येऊन आंघोळ केली. हेही लिहायला हवं. एका खुंट्यावर हात ठेवणारी आजी बूबूच्या घरचं पाणी पीत नव्हती. बूबूलाही ते ठाऊक होतं. ती आपला तांब्या आपण घेऊन यायची. मी हे वर्षानुवर्षं वगळून ही आठवण सांगत आले आणि ऐकणारे "किती सुंदर" म्हणत आले. पुढे जातं ओसरीवरून परसात गेलं, त्यावर कपडे आपटले जायला लागले. खुंटा बाभळीचा होता, हाताच्या घामानं काळा, गुळगुळीत, मधे किंचित बारीक झालेला. तो कधी चुलीत गेला कळलं नाही.

मागच्या महिन्यात मंगळवेढ्याला गेले होते. सुताराकडे बसून बाभळीचा एक खुंटा करून घेतला, वीतभर, खाली निमुळता. त्यानं विचारलं, जातं कुठंय? म्हटलं, पुण्याला. तो हसला आणि पैसे घेईना. मी तो पिशवीत घालून मैत्रिणीकडे गेले. तिनं चहा ठेवला, खुंटा हातात घेऊन वळवून बघितला, छान आहे म्हणाली. काच उचलून आम्ही दोघींनी तो भोकात बसवला. थोडा सैल होता, पण उभा राहिला. सरळ, एकटा.

ती जरा वेळ बघत राहिली. "पण मग," ती म्हणाली, "वर काच कशी बसणार गं?"